तिला न विचारता सोडलेलं प्रमोशन

*माझं वय ३९. सरकारी बँकेत स्केल दोनचा अधिकारी आहे. पत्नी हिंगणा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे, मुलगी सातवीत. आमच्याकडे प्रमोशन म्हणजे बहुतेक वेळा नागपूर सोडणं. पाच वर्षांपूर्वी मी पात्र होतो, पण प्रक्रियेत भागच घेतला नाही. घरी सांगितलं, ‘यंदा माझं नाव आलं नाही.’ दोन वर्षांपूर्वी पुन्हा तसंच केलं, तेव्हा तर काही बोललोसुद्धा नाही. माझ्या बॅचचे दोघं आता माझ्या वर आहेत. मे महिन्यात तिचा भाऊ आणि वहिनी जेवायला आले होते. पत्नी हसत हसत म्हणाली, ‘यांना कुठं काही व्हायचंय! नागपूर आणि तर्री-पोहे मिळाले की झालं.’ सगळे हसले, मीही हसलो. रात्री कूलरमध्ये पाणी नव्हतं म्हणून मी तिच्यावर इतका ओरडलो, की झोपलेली मुलगी उठून बसली. संसार म्हटला की तडजोड आलीच, हे ऐकत मोठा झालो. मी केली. मग मनात हे कडू का साचून राहिलं? आता तिला सांगावं, की पाच वर्षांनी उकरून काढण्यात अर्थ नाही?*

*— एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर*

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले: ‘यंदा माझं नाव आलं नाही.’ प्रमोशन सोडणं ही एक गोष्ट झाली आणि हे वाक्य ही दुसरी. मला वाटतं, तुमच्या मनातला कडवटपणा प्रमोशन सोडल्याने जेवढा आला, त्यापेक्षा जास्त या वाक्यातून आला आहे.

तुम्ही म्हणता, तडजोड केली. तिथं मी जरा अडते. तडजोडीला दोन माणसं लागतात. इतवारीत साडी घेतानासुद्धा गिऱ्हाईक एक भाव सांगतं, दुकानदार दुसरा, आणि मधे कुठंतरी जमतं. कोणी किती सोडलं हे दोघांनाही ठाऊक असतं, म्हणून पुढच्या लग्नसराईत तेच गिऱ्हाईक त्याच दुकानाची पायरी चढतं. तुमच्या घरात निर्णय तुम्ही एकट्याने घेतला, किंमत एकट्याने मोजली आणि पावती कपाटात ठेवून दिली. आता ती पावती कोणी मागत का नाही, म्हणून तुम्हाला राग येतो आहे.

पाच वर्षांपूर्वी तुम्ही तिला खरं सांगितलं असतं, तर ती काय म्हणाली असती? तुम्ही मनाशी धरलंय, की ती रडली असती, भांडली असती किंवा ‘मी एकटी कसं करू’ म्हणाली असती. तसं झालंही असतं. पण ती असंही म्हणाली असती, की जा, दोन वर्षं काढू, माझी आई येऊन राहील. किंवा, पोरगी अजून लहान आहे, यंदा नको, पुढच्या वेळी नक्की. यातलं काय झालं असतं ते आता कळायला मार्ग नाही. तिच्या वतीने उत्तर तुम्हीच देऊन टाकलं आणि त्याच उत्तरासाठी गेली पाच वर्षं तिला मनातल्या मनात दोष देताय. हे वाचताना तुम्हाला लागेल याची मला कल्पना आहे. तरी हे आधी लिहिलं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. जोडीदारासाठी काही सोडल्यावर एखाद्याचं मन भरतं आणि एखाद्याचं आंबतं, असं का होतं? सोडलेली गोष्ट मोठी असली की कडवटपणा येतो, असं आपण धरून चालतो. माझा अनुभव तसा नाही. मोठ्ठी नोकरी सोडून शांत असलेली माणसं मी पाहिली आहेत आणि रविवारची सकाळ सोडून वीस वर्षं धुमसणारीही पाहिली आहेत. फरक पडतो तो आपण कशासाठी सोडलं याने.

मानसशास्त्रज्ञ एमिली इम्पेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली नेमकं हेच तपासलं. प्रेमसंबंधात असलेल्या कॉलेजच्या मुलामुलींनी १४ दिवस रोज लिहून ठेवायचं होतं, की आज जोडीदारासाठी आपण काय सोडलं आणि का सोडलं. कारणांचे ढोबळ दोन गट पडले. काहींनी काही मिळावं म्हणून सोडलं होतं: तिला आनंद व्हावा, आपण जवळ यावं. काहींनी काही टळावं म्हणून: भांडण नको, तिचा चेहरा पडायला नको, आपल्याला अपराधी वाटायला नको. पहिल्या कारणाने सोडलं त्या दिवशी माणसाला स्वतःलाही बरं वाटत होतं आणि नात्यातही. दुसऱ्या कारणाने सोडलं त्या दिवशी मन खट्टू होतं, कुरबुर जास्त होती, आणि महिन्याभराने पाहिलं तेव्हा त्या नात्यांचा कस उतरलेला होता. हा अभ्यास अमेरिकेतल्या लग्न न झालेल्या तरुणांचा आहे. सासू-सासरे, घराचा हप्ता, मुलीची शाळा यातलं काहीच त्यात नाही, त्यामुळे तो आपल्या घरांना जसाच्या तसा लावू नये. पण त्यातला प्रश्न उचलण्यासारखा आहे.

तो तुम्ही स्वतःला विचारा. दोन्ही वेळांसाठी वेगवेगळा विचारा, कारण पत्रात तुम्ही दोन्हींची मोट बांधलीत आणि मला त्या दोन अगदी निराळ्या वेळा वाटतात. कागद घ्या आणि लिहा: ‘मी प्रमोशन सोडलं, म्हणजे...’ आणि वाक्य पूर्ण करा.

पाच वर्षांपूर्वी तुमची मुलगी दुसरीत होती. मला शंका आहे, की तेव्हाचं वाक्य असं पूर्ण होईल: म्हणजे मी रोज संध्याकाळी घरी असेन, तिला सायकल शिकवेन. तसं असेल, तर तो त्याग बायकोसाठी नव्हताच, तुमच्या स्वतःच्या मनासारखं तुम्ही केलंत, आणि त्याचं फळ पाच वर्षं घेतलंतही. ते तिच्या खात्यावर लिहू नका. दोन वर्षांपूर्वीचं वाक्य मात्र कदाचित असं होईल: म्हणजे मागच्या वेळी खोटं बोललो होतो ते निघायला नको. किंवा, म्हणजे तोच विषय घरात काढायला नको. तसं निघालं, तर कडवटपणाचा उगम तिथं आहे. दोन्ही वाक्यं खरी निघाली, मिसळलेली निघाली, तरी चालेल. माणसाची कारणं कधी निवडलेल्या तांदळासारखी नसतात. पण किती कशाचं, हे तुम्हाला कळायला हवं, कारण तिच्याशी बोलताना तुम्ही याच कागदावरून बोलणार आहात.

इथं एक गोष्ट सांगावीशी वाटते. धरमपेठेतली एक बाई समुपदेशनासाठी माझ्याकडे काही महिने येत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सासूबाई अंथरुणाला खिळल्या म्हणून पुण्यातली चांगली नोकरी सोडून ती नागपूरला आली होती. येण्याआधी नवरा-बायको एका रात्री स्वयंपाकघरात बसले आणि बोलले. किती दिवस? दोन वर्षं. त्या काळात घरखर्च नवऱ्याचा, पण तिच्या खात्यावर दर महिन्याला ठरलेली रक्कम जाईल, मागावी लागणार नाही. रात्री आईचं सगळं तो करेल. दर दिवाळीत पुन्हा बसायचं आणि चालू ठेवायचं का ते ठरवायचं. सासूबाई चार वर्षं होत्या. म्हणजे ठरलेलं मोडलं, पण दर दिवाळीत ते बसले, आणि तिसऱ्या वर्षी ‘मी थकले’ असं ती म्हणाली तेव्हा दिवसाची बाई ठेवली गेली.

ती माझ्याकडे आली ती दुःख घेऊन. पुण्यातल्या कामाची, तिथल्या मैत्रिणींची, स्वतःच्या वेगळ्या ओळखीची आठवण तिला छळत होती, आणि आपण इतकं मनाने स्वीकारूनही दुःख का होतं याचीच तिला लाज वाटत होती. मी तिला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते. सोडलेल्या गोष्टीचं दुःख राहतं. राजीखुशीने सोडली तरी राहतं. त्या दुःखाचा अर्थ तडजोड चुकली असा होत नाही. दुःखात माणूस म्हणतो, ‘ते माझ्याकडे नाही.’ आकस धरला की म्हणतो, ‘ते तुझ्यामुळे माझ्याकडे नाही, आणि तुला त्याचं काही नाही.’ ती बाई नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडू शकत होती, कारण काय गेलं हे त्यालाही ठाऊक होतं. तुमच्या दुःखाला घरात जागाच नाही, कारण तुमच्याकडे दुःख करण्यासारखं काही आहे हेच घरात कोणाला माहीत नाही.

म्हणूनच त्या जेवणाच्या वेळचं वाक्य पुन्हा पाहा. तुम्हाला ते निर्दयी वाटलं. पण तिच्या बाजूने पाहिलं तर तिच्यासमोर काय आहे? एकदा नाव न आलेला आणि त्यानंतर प्रमोशनचा विषयही न काढणारा नवरा. त्यावरून तिने माणूस ताडला: याला नोकरीत पुढं जायची फार हौस नाही, घरात रमतो. कदाचित ती हे कौतुकानेही म्हणाली असेल. तुम्ही दिलेल्या माहितीवर तिचा निष्कर्ष बरोबर आहे.

यावरही एक काम झालं आहे. मारिको विसरमन आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली जोडप्यांच्या रोजच्या नोंदी जुळवून पाहिल्या. एकाने ‘मी आज हे सोडलं’ असं लिहिलं, ते दुसऱ्याच्या लक्षात आलं का? जवळपास निम्म्या वेळा आलंच नाही. जिथं आलं तिथं कृतज्ञता दिसली. जिथं आलं नाही तिथं सोडणाऱ्याला आपण कुणाच्या खिजगणतीत नाही असं वाटलं. ही त्या घरांची गोष्ट, जिथं कोणी मुद्दाम लपवत नव्हतं. रोज एका छताखाली राहणाऱ्यांच्या नजरेतून निम्मं सुटतं, मग झाकून ठेवलेलं कुठून दिसणार? ‘तिला कळायला पाहिजे होतं’ हे वाक्य मनात येत असेल तर ते सोडून द्या.

तुमच्यासारखी पत्रं मला बायकांकडून जास्त येतात, म्हणून आकस कसा ओळखायचा ते सर्वांसाठीच लिहिते. तो सरळ येत नाही. तो कूलरमध्ये पाणी नाही म्हणून येतो. आपल्या रागाचं माप आणि समोरच्या चुकीचं माप जुळत नसेल, बादलीभर पाण्यासाठी घर डोक्यावर घेतलं जात असेल, तर राग दुसऱ्याच कशाचा तरी आहे. दुसरी खूण जास्त बोचरी आहे. तिच्या चांगल्या बातमीचा आपल्याला निर्भेळ आनंद होत नाही. तिच्या शाळेला बक्षीस मिळालं तर मनात पहिला विचार येतो, ‘हिला काय, हिचं सगळं चालूच आहे.’ आणि ‘काय झालं’ विचारल्यावर ‘काही नाही’ हे उत्तर इतक्या वेळा दिलेलं असतं, की आता विचारणारंच कोणी उरत नाही. तुमचं कुठवर आलंय ते तुम्ही पाहा.

आता, सांगावं का? हो, सांगावं. पाच वर्षं झाली म्हणून नको, असं तुम्हाला वाटतं, पण ही जुनी गोष्ट नाही. मे महिन्यात तुमच्या मुलीची झोपमोड याच गोष्टीने केली. शिवाय तुम्ही न सांगता ती बाहेरून कळू शकते. बँकेतला कोणी सहकारी लग्नात भेटेल आणि सहज म्हणेल, ‘वहिनी, यांनी तर अर्जच केला नव्हता.’ तेव्हा तिला त्याग दिसणार नाही, फक्त खोटं दिसेल.

पण कसं सांगता यावर बरंच अवलंबून आहे. भांडणात सांगू नका. भांडणात सांगितलेला त्याग बिलासारखा समोर आपटला जातो, आणि बिल पाहून कोणी गळ्यात पडत नाही. मुलगी घरात नसेल अशी वेळ घ्या. अंबाझरी तलावाच्या बाजूला संध्याकाळी चालायला जा. असलं बोलणं समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी चालताना सोपं जातं. सुरुवात तिच्यासाठी काय केलं इथून करू नका, स्वतःच्या खोटेपणापासून करा. साधारण असं: ‘मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली आहे. पाच वर्षांपूर्वी माझं नाव आलं नाही असं सांगितलं, ते खोटं होतं. मी भागच घेतला नव्हता. तुला विचारायला हवं होतं, विचारलं नाही. आणि नंतर तुला माहीतच नाही म्हणून तुझ्यावरच चिडत राहिलो. कूलरचा राग तो होता.’ एवढंच बोला आणि थांबा. ‘तुझ्यासाठी’ हा शब्द त्या दिवशी वापरू नका.

ती रागावेल अशी तयारी ठेवा. ‘मला का नाही विचारलं? मी काय अडवलं असतं? सगळ्यांसमोर मी तसं बोलले, तुम्ही मला बोलू कसं दिलं?’ हे तिचे प्रश्न योग्य असतील, आणि तुम्हाला आभाराऐवजी बोलणी खावी लागतील. ‘एवढं करून वर हेच’ असं तोंडावर येईल. ते गिळा असं मी म्हणणार नाही, गिळण्यानेच इथवर आलो आहोत. म्हणा, ‘मला वाईट वाटतंय, पण तुझं बरोबर आहे, मला ऐकू दे.’ त्या दिवशी काही ठरवू नका. पंधरा दिवस जाऊ द्या. तिलाही आपल्या पाच वर्षांचा हिशेब नव्याने लावायचा आहे.

त्यानंतर पुढच्या प्रमोशनचं बोलणं. इथं हवेत बोलू नका, कागदावर बोला. तुमच्या बँकेत दोनदा भाग न घेतल्याचा पात्रतेवर काही परिणाम होतो का, प्रमोशननंतर बदली आपल्या झोनमध्ये मिळू शकते का, किती वर्षांनी परतीचा अर्ज करता येतो, हे नियम बँकेगणिक वेगळे असतात, ते आधी नीट विचारून घ्या. चंद्रपूर किंवा अमरावती मिळणं आणि चेन्नई मिळणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात दर शनिवारी घरी येता येईल, दुसऱ्यात महिना-महिना नाही. तिची बाजूही तितकीच नीट मांडा. जिल्हा परिषदेचे शिक्षक जिल्ह्याच्या आस्थापनेवर असतात. राज्यातल्या दुसऱ्या जिल्ह्यात तिला आंतरजिल्हा बदलीने जाता येतं, पती-पत्नी एकत्रीकरणाची सोयही आहे, पण तिथं गेल्यावर तिची सेवाज्येष्ठता मागे पडते. म्हणजे ‘तू माझ्यासोबत चल’ हे वाक्य तुम्हाला वाटतं तितकं स्वस्त नाही, तिच्या पुढच्या मुख्याध्यापकपदावर त्याचा परिणाम आहे. महाराष्ट्राबाहेर तर तो रस्ताही नाही. मुलगी सातवीत आहे, म्हणजे दहावीला तीन वर्षं. आत्ता दोन वर्षं बाहेर काढून तिच्या दहावीपर्यंत परत येण्याचा प्रयत्न करावा, की दहावी होऊ देऊन मग जावं, हा खरोखर दोघांनी मिळून सोडवायचा प्रश्न आहे.

यातून ‘नको, नागपुरातच राहू’ असंही ठरू शकतं, आणि तेही उत्तम असू शकतं. फक्त या वेळी ते ठरवताना काय सोडतोय ते मोठ्याने बोललं जावं, पुन्हा कधी बसायचं त्याची तारीख ठरावी, आणि तुमच्या वाट्याला काय येणार हे तुम्ही मागावं. मागायला लाजू नका. धरमपेठेतल्या त्या बाईने आपल्या खात्यावर दरमहा रक्कम मागितली होती, तुम्ही एखाद्या अभ्यासक्रमासाठी संध्याकाळ मागा. मागितलेलं मिळेलच असं नाही, पण न मागता मिळायची वाट पाहण्याचा अनुभव तुम्ही घेतला आहे.

हे सारं अशा घरांसाठी, जिथं ‘नाही’ म्हटलं तर फार तर अबोला होतो. ज्या वाचक बहिणींच्या घरी ‘नाही’ म्हणण्याची भीती वाटते, मारहाणीची, पैसे तोडण्याची, मुलं हिरावण्याची, त्यांनी वरचं काही करू नये. भीतीने सोडलेल्या गोष्टीला तडजोड म्हणता येत नाही. १८१ हा महिलांसाठीचा हेल्पलाइन क्रमांक आहे, आधी तिथं बोलावं.

तुम्हाला शेवटचं एक काम सांगते. बँकेचं पुढचं प्रमोशनचं परिपत्रक येईल तेव्हा ते मनात वाचून बाजूला ठेवू नका. त्याची प्रत काढून घरी न्या, आणि तुमचं मत सांगण्याआधी तिला वाचायला द्या.